नळी निघाल्यानंतरचा घसा

मनुष्य मरणाच्या दारातून परत आला, म्हणजे त्याच्या लहानसहान तक्रारींकडे घरचे लोक फारसे लक्ष देत नाहीत. 'जीव वाचला हेच पुष्कळ' असे म्हणून सारेजण समाधान मानतात. आवाज बसला आहे? बसेल, इतके दिवस नळी होती घशात. चालताना दम लागतो? लागणारच, महिनाभर अंथरुणावर होता. ही उत्तरे शंभरापैकी पुष्कळांच्या बाबतीत खरीही असतात. परंतु काहींच्या बाबतीत ती खरी नसतात, आणि अशा रोग्याचा दम हा अशक्तपणाचा दम नसून अरुंद होत चाललेल्या श्वासमार्गाचा असतो. हा फरक वेळीच कसा ओळखावा, एवढा एकच विषय आम्ही या व्याख्यानासाठी घेतला आहे.

आम्ही वैद्य नव्हे. मजुरांच्या संघटनेचे काम करीत असताना दवाखान्यांच्या ओट्यांवर बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि मिळतील ती पुस्तके चाळून जे समजले, ते सांगत आहोत. येलदरीच्या आसपास कपाशीवर औषध मारणारा मजूर पुष्कळ आहे, म्हणून उदाहरण त्याचे घेतले आहे. पण अपघातात डोक्याला मार लागलेला, सर्पदंशाने लुळा पडलेला, किंवा 2020 आणि 2021 साली करोनाच्या साथीत आठवडेच्या आठवडे यंत्रावर राहिलेला मनुष्य घेतला, तरी पुढची हकीगत तीच आहे.

फवारणीचा मजूर श्वासयंत्रापर्यंत कसा पोहोचतो, हे आधी पाहिले पाहिजे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या विषांपैकी एक मोठा वर्ग सेंद्रिय फॉस्फरसाच्या विषांचा आहे. हे विष श्वासाबरोबर जाते, तसेच घामाने भिजलेल्या कातडीतूनही आत शिरते. पहिल्या काही तासांत तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, उलट्या होतात, छाती कफाने भरते. यावर ॲट्रोपिन नावाचे औषध चालते आणि रोगी सुधारल्यासारखा दिसतो. परंतु एक ते चार दिवसांच्या आत काही रोग्यांना दुसराच झटका येतो. उशीवरून मान उचलत नाही, दंड-मांड्या लुळ्या पडतात आणि श्वास घेणारे स्नायूच काम थांबवतात. उशिरा येणाऱ्या या लुळेपणावर ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही, हे पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1974 साली आपल्या रोग्यांवरून नोंदवून ठेवले आहे. 1987 साली श्रीलंकेतील डॉक्टरांनी या अवस्थेला 'मधली अवस्था' अशा अर्थाचे नाव दिले. स्नायू पुन्हा चालू होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, रोग्याच्या वतीने श्वास घेणारे यंत्र लागते. तेच व्हेंटिलेटर. यंत्र नसेल तर हा माणूस मरतो, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. पुढे आम्ही जे दोष सांगणार आहोत ते यंत्राविरुद्धची तक्रार नव्हे.

यंत्राची हवा फुफ्फुसात जावी म्हणून तोंडावाटे एक नळी घशात घालतात. ती स्वरयंत्रातून, दोन्ही स्वरतंतूंच्या मधून, खाली श्वासनलिकेत उतरते. नळीच्या खालच्या टोकापाशी तिच्याभोवती एक लहान फुगा असतो. नळी आत बसली की बाहेरून पिचकारीने त्या फुग्यात हवा भरतात. सायकलच्या चाकातली ट्यूब जशी टायरला आतून चिकटते, तसा तो फुगा श्वासनलिकेला आतून चिकटतो. त्याची कामे दोन. यंत्राची हवा वर निसटू द्यायची नाही, आणि तोंडातली लाळ खाली फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही.

आता आपल्या बोटाचे नख दाबून पाहा. नखाखालचा भाग पांढरा पडतो. दाबामुळे तेथील रक्त बाजूला सरते. बोट सोडले की लाली परत येते. पण समजा, ते बोट कोणी दहा दिवस दाबून ठेवले, तर? रक्तावाचून ते मांस मरेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जे व्रण पडतात ते याच कारणाने पडतात, हे घरात म्हातारे माणूस सांभाळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नळीमुळे घशात होते ती इजा याच जातीची. पाठीचा व्रण डोळ्यांना दिसतो, घशातला दिसत नाही, एवढाच भेद.

किती दाब चालतो याचे माप आहे. ते पाण्याच्या उंचीत मोजतात. उभ्या नळीत वीतभर पाणी भरले तर तळाशी जो दाब पडेल, साधारण तेवढाच, म्हणजे 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब फुग्यात असावा. 30 च्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा आटू लागतो, आणि 50 च्या आसपास तो तुटतो. 20 च्या खाली गेला तर लाळ खाली झिरपून न्युमोनिया होण्याचे भय. ही मर्यादा इतकी अरुंद आहे की नुसत्या बोटांनी फुगा चाचपून ती सांभाळता येत नाही. त्यासाठी दाबमापक लावून दर पाळीत आकडा पाहावा लागतो.

ही गोष्ट माणसाला शिकायला वेळ लागला. 1952 साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरने गळ्याला छिद्र पाडून नळी घालण्याचा आणि हाताने पिशवी दाबून फुफ्फुसात हवा भरण्याचा उपाय काढला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले. पुढे हे काम यंत्रे करू लागली आणि पुष्कळ माणसे वाचू लागली. पण वाचलेल्यांपैकी काहीजण काही आठवड्यांनी गुदमरून परत येऊ लागले. त्या काळचे फुगे कडक रबराचे, थोड्या हवेत ताठ होणारे असत. 1969 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी कूपर आणि ग्रिलो या शल्यवैद्यांनी मृत रोग्यांच्या श्वासनलिका तपासून आणि कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की जेथे फुगा दाबून बसतो तेथेच अस्तर मरते, कूर्चेच्या कड्या उघड्या पडतात आणि नंतर तेथेच वण आवळतो. त्यानंतर मोठे, पातळ व कमी दाबाचे फुगे आले आणि ही इजा पुष्कळ कमी झाली. ती नाहीशी मात्र झाली नाही. पातळ फुगाही हवा जास्त भरली की कडकच होतो.

इजा होण्याच्या जागा मुख्यतः तीन आहेत, आणि कोणती जागा धरली यावर रोग्याची तक्रार ठरते.

पहिली जागा स्वरतंतूंची मागली बाजू. नळी वाकडी असते आणि घसा सरळ नसतो. त्यामुळे नळीचा भार स्वरयंत्राच्या मागच्या अंगाला पडतो. तेथे दोन लहान कूर्चा आहेत. त्या हलतात म्हणून स्वरतंतू श्वास घेताना दारासारखे उघडतात आणि बोलताना मिटतात. या जागी व्रण पडून त्यावर मांसांकुर वाढला तर आवाज घोगरा होतो. व्रण भरताना दोन्ही बाजू एकमेकींना वणाने बांधल्या गेल्या, तर दार उघडतच नाही. मग आवाज बरा असला तरी श्वास अडतो.

दुसरी जागा स्वरतंतूंच्या लगेच खाली. येथे मुद्रिका नावाची कूर्चा आहे. श्वासमार्गातली ही एकच कडी संपूर्ण गोल आहे. खालच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या, घोड्याच्या नालासारख्या आहेत. तेथे सूज आली तर मार्ग थोडा तरी पसरू शकतो. मुद्रिकेतली सूज मात्र आतच येते, कारण बाहेर जायला वाव नाही.

तिसरी जागा फुग्याची. तेथे व्रण चहूबाजूंनी पडतो आणि भरताना थैलीच्या तोंडाची दोरी ओढावी तसा सगळीकडून आवळतो. गळ्याला छिद्र पाडून नळी घातली असेल, तर त्या छिद्राच्या जागीही असे आकुंचन होऊ शकते.

यात एक विलक्षण गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नळी काढतात त्या दिवशी मार्ग बहुधा मोकळा असतो. व्रण ओला असतो, तो अजून आवळलेला नसतो. वण पक्का होत आवळायला आठवडे लागतात. म्हणून नळी निघाल्यावर रोगी बरा वाटतो, घरी येतो, हिंडूफिरू लागतो, आणि बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्याला दम लागू लागतो. तोवर रुग्णालय मागे पडलेले असते. या नव्या दम्याचा त्या जुन्या नळीशी संबंध असेल, हे घरच्यांच्या मनात येत नाही, आणि गावच्या डॉक्टरला कोणी सांगतही नाही.

आता असा एक मजूर आपण डोळ्यांपुढे आणू. वय पस्तीस. पाठीवर 16 लिटरचा पंप. कपाशी डोक्याबरोबर आलेली, वारा समोरून. संध्याकाळी उलट्या, मग तालुक्याचे रुग्णालय, मग जिल्ह्याचे. दुसऱ्या दिवशी मान उचलेना, श्वास उथळ झाला. तोंडातून नळी घातली आणि सोळा दिवस तो यंत्रावर राहिला. नळी निघाली तेव्हा आवाज अगदी बसलेला. पंचविसाव्या दिवशी घरी आला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची प्रकृती रोज सुधारत होती. आवाज थोडा घोगरा राहिला, पण तो नदीपर्यंत चालून येऊ लागला.

पाचव्या आठवड्यात बंधाऱ्याचा चढ चढताना त्याला दम लागला. आधी तोच चढ तो चढला होता. बायको म्हणाली, रात्री झोपेत शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरने छाती तपासली, सूं सूं ऐकली आणि दम्याचे औषध, तोंडात फवारायचा पंप दिला. दोन आठवडे घेऊनही गुण नाही. छातीचा क्ष-किरण फोटो काढला, तो स्वच्छ. 'फोटो चांगला आहे, घाबरू नका', असे सांगितले गेले. मग सातव्या आठवड्यात साधी सर्दी झाली आणि एका रात्री त्याला आडवे होता येईना. उठून बसून, मान पुढे करून, गळ्याचे खळगे आत ओढत तो श्वास घेऊ लागला.

या हकीगतीत चार खुणा आहेत. त्या एकेक पाहू.

पहिली खूण क्रमाची. अशक्तपणा दिवसेंदिवस कमी होतो, आकुंचन दिवसेंदिवस वाढते. ज्याला तिसऱ्या आठवड्यात चढ चढता आला आणि पाचव्यात आला नाही, तो अशक्त नाही. त्याच्या आत काहीतरी आवळते आहे. आवाजाचेही तसेच. नळी निघाल्यावर काही दिवस घसा बसणे साहजिक आहे आणि बहुतेकांचा तो आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा हटत नसेल, तर दुर्बिणीने घसा पाहिलाच पाहिजे.

दुसरी खूण आवाजाच्या जागेची. दम्यातली सूं सूं छातीतली असते आणि मुख्यतः श्वास सोडताना येते. आकुंचनाची शिट्टी गळ्याची असते. ती श्वास घेताना, किंवा घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ऐकू येते, आणि खोलीत बसलेल्या दुसऱ्या माणसालाही येते. डॉक्टरने नळी छातीऐवजी गळ्यावर ठेवली तर ती तेथे सर्वांत मोठी ऐकू येते. आवाज घोगरा आणि श्वासही अडतो, तर दोष बहुधा स्वरयंत्रापाशी. आवाज स्वच्छ पण श्वासाला शिट्टी, तर दोष खाली श्वासनलिकेत असण्याचा संभव. आपल्या मजुराच्या बाबतीत दोन्ही होते. स्वरतंतूच्या मागल्या टोकाला मांसांकुर होता, त्यामुळे घोगरेपणा, आणि फुग्याच्या जागी वण होता, त्यामुळे दम.

तिसरी खूण औषधाची. दम्याचा पंप हा बारीक श्वासनलिकांच्या आवळलेल्या स्नायूंना सैल करतो. वणाला स्नायू नसतो, म्हणून पंपाने तो सैल पडत नाही. यंत्रावर राहून आलेल्या आणि पूर्वी कधी दमा नसलेल्या माणसाला पंपाने गुण येत नसेल, तर औषध वाढवण्यापेक्षा निदान पुन्हा पाहावे. क्ष-किरण फोटो स्वच्छ असणे हाही पुरावा नव्हे. तो फोटो फुफ्फुसांचा असतो. गळ्यातली अरुंद कडी त्यात सहज निसटते.

चौथी खूण सर्दीची. साध्या पडशाने माणूस एका रात्रीत गुदमरण्याच्या सीमेवर का यावा? याचे उत्तर पाण्याच्या नळाला ठाऊक आहे. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम असा, की नळीचा व्यास निम्मा झाला तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. श्वासमार्ग म्हणजे गुळगुळीत लोखंडी पाइप नव्हे आणि अरुंद भाग आखूड असतो, म्हणून हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण त्याची दिशा खरी आहे. प्रौढ पुरुषाची श्वासनलिका आतून साधारण 15 ते 20 मिलिमीटर रुंद असते. ती 10-12 वर आली तरी बसल्या माणसाला कळत नाही, कारण निसर्गाने मार्ग गरजेपेक्षा मोठा ठेवला आहे. साधारण 8 वर आली की श्रमाने दम लागतो, आणि 5 वर आली की बसल्या जागी लागतो. शेवटचे मिलिमीटर फार महाग असतात. 6 चे 5 झाले, एवढ्यानेच त्या नियमाप्रमाणे अडथळा दुपटीहून जास्त होतो. सर्दीने सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर सूज आली की झाले एक मिलिमीटर. त्यात चिकट बेडका त्या कडीत अडकला तर मार्ग पुरता बंद होतो. खोकून तो सुटत नाही, कारण खोकण्यासाठी लागणारी हवाच अरुंद जागेतून जोराने बाहेर येऊ शकत नाही. माणसे अशीच जातात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'दमा' लिहिले जाते.

म्हणून अशा रात्री काय करावे, ते सरळ सांगतो. रोग्याला आडवे करू नये, बसवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दारात पाऊल ठेवताच डॉक्टरला पहिले वाक्य हे सांगावे, की याला अमुक महिन्यांपूर्वी इतके दिवस घशात नळी होती. हे वाक्य फार मोलाचे आहे. ते ऐकले तर डॉक्टर नेहमीच्या मापाची नळी जोराने आत ढकलणार नाही, लहान मापाची जवळ ठेवील, आणि कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला आधी हाक मारील. प्राणवायू, ॲड्रेनॅलिनची वाफ आणि सूज उतरवणारे स्टिरॉइड यांनी सूज ओसरते, काही तास मिळतात. वण मात्र त्यांनी जात नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून घरी घेऊन जाणे यापरता घात नाही.

निदानाचे क्रम असे. पहिली, फुंकण्याची चाचणी. यात दोन आकडे मिळतात. एक, फुंकरीचा सर्वोच्च वेग, लिटर दर मिनिटास. दुसरा, पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा, मिलिलिटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. निरोगी माणसाचे, समजा, 3000 भागिले 480, म्हणजे सुमारे 6. आपल्या मजुराचे 1800 भागिले 150, म्हणजे 12. भागाकार 10 च्या वर गेला की अडथळा वरच्या मोठ्या मार्गात असल्याचा संशय घ्यावा, असा संकेत आहे. दम्यातही वेग कमी होतो, पण दम्यात दोन्ही आकडे जोडीने उतरतात. वर अरुंद कडी असली म्हणजे वेग विशेष उतरतो, कारण जोराची फुंकर त्या कडीतच अडते. या चाचणीला खर्च थोडा आणि वेळ दहा मिनिटे. परंतु श्वास फार अडलेला असताना ती करीत बसू नये.

दुसरी, नाकातून घालायची बारीक दुर्बीण. जागेपणीच, बाह्यरुग्ण विभागात, स्वरतंतू उघडतात की नाही हे ती दाखवते. तिसरी, गळा व छातीचा सी.टी. स्कॅन. त्यात अरुंद भाग किती रुंद, किती लांब आणि स्वरतंतूंपासून किती खाली हे मोजता येते. आपल्या मजुराचे माप आले रुंदी 6 मिलिमीटर, लांबी 12 मिलिमीटर, स्वरतंतूंच्या खाली साडेतीन सेंटिमीटर. या तीन आकड्यांवरच उपचार ठरतो, म्हणून ते कागदावर लिहून घ्यावेत.

उपचाराचे मार्ग तीन. पहिला, तोंडावाटे दुर्बीण घालून वणाला चिरा द्यायच्या आणि फुग्याने तो भाग ताणायचा. बाहेरून टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. वण पातळ पडद्यासारखा असेल तर याने कायमचे बरे होते. जाड आणि सेंटिमीटरहून लांब असेल तर तो पुन्हा आवळतो. चिरलेली जागा हीसुद्धा एक नवी जखमच असते. आपल्या मजुराला पहिल्या वेळी सहा आठवडे आराम पडला, दुसऱ्या वेळी चार. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्यांदा तेच करीत बसण्याऐवजी पुढचा मार्ग विचारावा.

दुसरा मार्ग, गळा उघडून तो अरुंद तुकडाच कापून काढणे आणि दोन्ही निरोगी टोके एकमेकांस शिवणे. फुटलेला रबरी पाइप जसा मधला भाग छाटून जोडावा, तसे. दोन ते चार सेंटिमीटरपर्यंतचा भाग असा काढता येतो. जोडावर ताण पडू नये म्हणून आठवडाभर हनुवटी छातीकडे टाक्याने बांधून ठेवतात. अनुभवी हातांत दहापैकी नऊहून अधिक रोगी याने बरे होतात. पण पहिली संधीच खरी संधी असते. जोड फसला तर पुढचे सारे कठीण होते, म्हणून जेथे हे काम नेहमी होते तेथेच ते करावे. याच कारणाने, आणीबाणीत गळ्याला छिद्र पाडणे भाग पडले तर ते शक्यतो अरुंद भागातूनच पाडावे, असे शल्यवैद्य सांगतात. निरोगी कड्या पुढच्या जोडासाठी राखून ठेवाव्या लागतात.

तिसरा मार्ग, सिलिकोनची इंग्रजी टी अक्षरासारखी नळी. 1965 साली मॉन्टगोमेरी या शल्यवैद्याने ती काढली. आडवा दांडा श्वासनलिकेत, उभा गळ्याबाहेर. बाहेरचे तोंड बुचाने बंद केले की माणूस नाकातोंडाने श्वास घेतो आणि बोलतो. ती महिनोन् महिने ठेवावी लागते. ती रोज साफ करावी लागते, नाहीतर बेडक्याने बुजते. ज्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया लगेच करता येत नाही, त्याच्यासाठी ही सोय.

स्वरतंतू मागून वणाने बांधले गेले असतील, तर मात्र एक कठीण देवघेव आहे, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधी रोग्याला समजावून सांगितली पाहिजे. श्वासासाठी दार मोठे करायचे तर स्वरतंतूचा मागचा थोडा भाग लेसरने कापावा लागतो. श्वास मोकळा होतो, पण आवाज अधिक हवेशीर व दुबळा होतो, आणि काही वेळा पाणी पिताना ठसका लागतो. शेतमजूर श्वास मागेल. शाळामास्तर किंवा कीर्तनकार कदाचित आवाज मागेल. हा निर्णय ज्याचा घसा त्याचा.

आपला मजूर दुसऱ्या मार्गाने बरा झाला, असे धरू. वीस मिलिमीटरचा तुकडा निघाला. शिट्टी गेली. घोगरेपणा थोडा राहिला. चढ चढणे जमले. पण आजारपणाचे सगळे मिळून सात महिने गेले, दोन हंगामांची मजुरी गेली. पाचव्या आठवड्यात गळ्यावर नळी ठेवून पाहिले असते, तर निदान पहिली सर्दीची रात्र टळली असती.

आता टाळण्याविषयी थोडेसे. नळी लागलेल्या माणसाचे नातेवाईक दाराबाहेर बसलेले असतात. त्यांना यंत्रातले काही कळत नाही, असा समज आहे. पण चार प्रश्न त्यांनी नम्रपणे विचारावेत. फुग्याचा दाब मोजता का, आणि शेवटचा आकडा किती? नळी कोणत्या मापाची घातली? आठ-दहा दिवस झाले, अजून किती दिवस लागतील, आणि गळ्याला छिद्र पाडून नळी तेथून घालण्याचा विचार केव्हा करणार? पेशंट झोपेत नळी ओढतो, तडफडतो, त्याचे काय? हलणारी नळी घासून जास्त इजा करते, म्हणून हा शेवटचा प्रश्नही महत्त्वाचा. यात एक गोष्ट संघटनेच्या माणसाने सांगितल्यावाचून राहू नये. दर पाळीत दाब मोजायला दाबमापक लागतो तसा मोजणारा हातही लागतो. एका परिचारिकेकडे यंत्रावरचे पाच-सहा रोगी दिले, तर ती आधी बंद पडलेले यंत्र पाहील, की चालू नळीच्या फुग्याचा आकडा लिहील? तिच्यावर रागावून हा व्रण टळणार नाही. तिच्या जोडीला माणूस दिल्याने टळेल.

शेवटी घरी जाताना मिळणारा कागद. त्यावर औषधांची नावे असतात, पण आपल्याला हवे ते पुष्कळदा नसते. म्हणून सुटका होण्यापूर्वी तीन ओळी मागून घ्याव्यात. नळी कोणत्या तारखेला घातली व कोणत्या तारखेला काढली. नळीचे माप. गळ्याला छिद्र पाडले असल्यास त्याची तारीख. त्या कागदाची एक प्रत गावच्या डॉक्टरकडे द्यावी. आणि नळी एका आठवड्याहून अधिक राहिली असेल, तर नळी निघाल्यापासून एक महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी, तक्रार असो वा नसो, कान-नाक-घसा विभागात एकदा घसा दाखवून यावा. येलदरीहून त्यासाठी नांदेडचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येईल. तेथे हा विभाग आहे. जाण्यायेण्यात एक दिवसाची मजुरी बुडेल. त्या एका दिवसाच्या बदल्यात तो माणूस पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या सर्दीला मोकळ्या श्वासाने सामोरा जाऊ शकेल.